धुळीची ॲलर्जी असलेल्या मुलाची खोली : हेपा प्युरिफायर, ओले फडके आणि बंद खिडक्या

प्रश्नाचे स्वरूप

मुलाला धुळीची ॲलर्जी असल्याचे निदान झाले की घरातील धूळ कमी करण्यासाठी तीन उपाय सहसा सुचवले जातात : झोपण्याच्या खोलीत हेपा फिल्टरचे हवाशुद्धीकरण यंत्र, म्हणजेच एअर प्युरिफायर, लावणे; कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे; आणि बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट बंद ठेवणे. हे तिन्ही उपाय परस्परांचे पर्याय असल्याप्रमाणे त्यांची तुलना होते, परंतु ते धुळीला तीन वेगवेगळ्या ठिकाणी गाठतात. प्युरिफायर हवेत तरंगणाऱ्या कणांवर काम करतो, फडके पृष्ठभागावर बसलेल्या कणांवर, तर बंद खिडकी बाहेरून येणाऱ्या कणांवर. म्हणून ‘कोणता उपाय चांगला’ या प्रश्नाआधी मुलाला नेमक्या कोणत्या धुळीची ॲलर्जी आहे आणि ती धूळ खोलीत कुठे राहते, हे प्रश्न विचारावे लागतात. प्रस्तुत आढाव्यात मुख्यतः मुंबई आणि कोकण किनाऱ्यावरील दमट हवेतील घरांचा विचार केला आहे, कारण या उपायांमधील अंतर्विरोध तेथे सर्वाधिक ठळक होतो.

पार्श्वभूमी : धुळीपासून माइटपर्यंत

घरातील धुळीमुळे दमा आणि सर्दी उद्भवू शकते, हे १९२० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत कर्न आणि कुक यांनी त्वचाचाचण्यांच्या आधारे मांडले. त्याच दशकात नेदरलँड्समध्ये स्टॉर्म व्हान लेउवेन यांनी दम्याच्या रुग्णांना ॲलर्जेनमुक्त बंद खोल्यांत ठेवून पाहिले आणि त्यांना बरे वाटते असे नोंदवले. ॲलर्जेन म्हणजे ज्याच्या संपर्काने शरीराची प्रतिकारयंत्रणा अकारण चवताळते तो पदार्थ, बहुधा एखादे प्रथिन. आजच्या प्युरिफायरमागील कल्पना, म्हणजे हवा स्वच्छ केली की रुग्ण बरा होईल ही अपेक्षा, अशी शंभर वर्षे जुनी आहे.

धुळीतील नेमका घटक मात्र १९६० च्या दशकापर्यंत अज्ञात होता. १९६४ च्या सुमारास लायडेन येथील फोरहॉर्स्ट आणि स्पिक्स्मा यांनी घरधुळीच्या ॲलर्जीचा मुख्य स्रोत डस्ट माइट हा आठ पायांचा, सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर लांबीचा, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा जीव असल्याचे दाखवले. माणसाच्या त्वचेवरून गळणारा कोंडा हे त्याचे मुख्य अन्न, आणि तो जेथे विपुल साचतो त्या गाद्या, उशा, गोधड्या, कापडी सोफे आणि मऊ खेळणी हे त्याचे घर. १९८० मध्ये चॅपमन आणि प्लॅट्स-मिल्स यांनी त्याचे प्रमुख ॲलर्जेन वेगळे काढले आणि पुढच्याच वर्षी टोव्ही यांच्यासह त्यांनी दाखवून दिले की हे प्रथिन बव्हंशी माइटच्या विष्ठेच्या गोळ्यांत असते. या गोळ्यांचा आकार साधारण १० ते ४० मायक्रॉन असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

हा आकार वरकरणी एक तपशील वाटतो, पण या वादातील बहुतेक मतभेदांचे मूळ त्यातच आहे. २० मायक्रॉन व्यासाचा कण स्थिर हवेत एक मीटर खाली यायला दीड मिनिटापेक्षा कमी वेळ लागतो, १० मायक्रॉनच्या कणाला पाच-सहा मिनिटे लागतात, तर एक मायक्रॉनचा धुराचा कण तेवढेच अंतर उतरायला सुमारे आठ तास घेतो. शांत खोलीतील हवेचे नमुने तपासले तर त्यांत माइटचे ॲलर्जेन जवळजवळ सापडत नाही. चादर झटकली, गादीवर उड्या मारल्या किंवा कोरडा झाडू फिरवला की ते उडते आणि साधारण अर्ध्या तासात पुन्हा खाली बसते. मांजराच्या ॲलर्जेनचे तसे नाही. त्याचा बराच अंश पाच मायक्रॉनहून लहान कणांवर असतो आणि तो तासन्‌तास तरंगत राहतो. झुरळाचे ॲलर्जेन याबाबतीत माइटच्या जवळचे आहे.

प्युरिफायरच्या बाजूने आणि विरुद्ध

हेपा फिल्टरचा उगम १९४० च्या दशकातील अमेरिकी अणुप्रकल्पात आहे. किरणोत्सारी कण अडवण्यासाठी तो विकसित झाला. ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ९९.९७ टक्के कण अडवणे ही त्याची रूढ अमेरिकी व्याख्या. जाहिरातींत हाच आकडा ठळक असतो, परंतु माइटच्या विष्ठेचा कण त्याच्या साठ-सत्तरपट मोठा असल्याने तो साध्या दाट कापडातही अडकतो. फिल्टर कण पकडतो का, हा येथे प्रश्नच नाही. कण फिल्टरपर्यंत पोहोचतो का, हा आहे.

उदाहरणादाखल दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोली घेतली तर तिचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर भरते. तासाला पाच वेळा खोलीभर हवा गाळायची असेल तर यंत्राने ताशी १७० घनमीटर स्वच्छ हवा द्यायला हवी. हा आकडा ‘सीएडीआर’ या नावाने, म्हणजे दर तासाला मिळणाऱ्या स्वच्छ हवेच्या प्रमाणाने, यंत्रावर नोंदलेला असतो, मात्र तो सर्वांत वेगवान आणि सर्वांत गोंगाटाच्या टप्प्यावरचा असतो. रात्री मुलाची झोप मोडू नये म्हणून यंत्र हळू चालवले की तो निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. पूर्ण वेगातदेखील खोलीइतकी हवा एकदा यंत्रातून जायला बारा मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात वीस मायक्रॉनचा कण कधीच चादरीवर, जमिनीवर किंवा थेट मुलाच्या नाकात पोहोचलेला असतो. गादी आणि नाक यांत वितीएवढे अंतर असताना कोपऱ्यातील यंत्र त्या दोहोंच्या मध्ये येऊ शकत नाही. उलट अगरबत्ती, मच्छर अगरबत्ती, फोडणी किंवा रस्त्यावरची वाहने यांचा बारीक धूर तासन्‌तास तरंगतो आणि त्याच्याबाबतीत हेच यंत्र अत्यंत परिणामकारक ठरते.

चाचण्यांचे निष्कर्ष या हिशेबाशी बऱ्याच अंशी जुळतात. १९९० मध्ये रीझमन आणि सहकाऱ्यांनी बारमाही ॲलर्जीच्या रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत यंत्राने हवेतील कण लक्षणीय घटवले, परंतु संपूर्ण कालावधीतील लक्षणांत स्पष्ट फरक दिसला नाही. २०२० मध्ये कोरियात माइटच्या ॲलर्जीमुळे सर्दी होणाऱ्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत औषधांची गरज कमी झाली, लक्षणांचे गुण मात्र फारसे बदलले नाहीत. प्युरिफायरचे समर्थक या दुसऱ्या निष्कर्षाचा अर्थ असा लावतात की कमी औषधांत तेवढेच बरे वाटणे हीसुद्धा सुधारणाच आहे, आणि हा युक्तिवाद वाजवी आहे. त्यांचा दुसरा, अधिक बळकट मुद्दा धुराचा आहे. बॉल्टिमोर येथे धूम्रपान करणाऱ्यांच्या घरांतील दमेकरी मुलांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्युरिफायरमुळे बारीक कण घटले आणि मुलांचे लक्षणविरहित दिवस वाढले. सुजलेल्या श्वासनलिकेला धूर आणखी चिडवतो, त्यामुळे मूळ ॲलर्जी माइटची असली तरी धूर कमी केल्याचा लाभ मिळू शकतो. एक मच्छर अगरबत्ती जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असल्याचे २००३ मधील एका मोजमापात आढळले होते. अशा घरात अगरबत्ती विझवून मच्छरदाणी लावणे हा प्युरिफायरच्या आधीचा, आणि स्वस्तात पडणारा, उपाय आहे.

यंत्रावरील रंगीत दिव्यामुळे एक गैरसमज हमखास होतो. त्यातील लेसर संवेदक प्रामुख्याने अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण मोजतो. स्वयंपाकघरात मोहरी तडतडली की दिवा लाल होतो, आणि गादी माइटने भरलेली असली तरी रात्रभर हिरवा राहतो. हिरवा दिवा हा धूर नसल्याचा पुरावा आहे, ॲलर्जेन नसल्याचा नाही. ओझोन सोडणारी किंवा आयन निर्माण करणारी यंत्रे दम्याच्या मुलाच्या खोलीत ठेवू नयेत, कारण ओझोन श्वासनलिकेला दाह करतो. यावर मात्र फारसा मतभेद नाही.

ओले फडके : सोपा उपाय, अपुरा पुरावा

कोरडा झाडू किंवा पिसांचा झटकणा धूळ उचलून पुन्हा हवेत सोडतो, तर दमट फडक्याला ती चिकटते. ही गोष्ट इतकी उघड आहे की ओल्या पुसण्याची स्वतंत्र, चांगली चाचणी घेण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही आणि परिणामी या उपायाचा पुरावा विचित्रपणे तुटपुंजा राहिला. बहुतेक अभ्यासांत तो इतर उपायांसोबतच येतो, त्यामुळे सुधारणेचे श्रेय त्याला किती द्यायचे हे सांगता येत नाही.

त्याच्या मर्यादा मात्र स्पष्ट आहेत. युरोपातील घरांत गालिचा हा माइटचा मोठा साठा असतो आणि तेथील सल्ले त्या गृहीतावर उभे आहेत. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत फरशी असते आणि ती रोज पुसली जाते, म्हणजे त्या सल्ल्याचा निम्मा भाग येथे आधीच अमलात आलेला असतो. उरलेला साठा फडके पोहोचत नाही तेथे, म्हणजे कापसाच्या गादीत, उशीत आणि गोधडीत असतो. फडक्याचे खरे काम पलंगाची चौकट, खिडकीची कड, पुस्तकांचे कप्पे, कपाटाचा माथा आणि छताच्या पंख्याची पाती येथे आहे. पाती कोरडी झटकली तर महिनाभराची धूळ थेट अंथरुणावर येते. फडके घट्ट पिळलेले हवे. पावसाळ्यात निथळत्या पोछ्याने पुसलेली फरशी तासभर ओली राहते आणि खोलीतील दमटपणा वाढवते. सफाई चालू असताना आणि त्यानंतरचा अर्धा तास मुलाने खोलीबाहेर असावे, या सूचनेला आधार कण खाली बसण्याच्या वेळेचाच आहे.

बंद खिडक्या : सर्वांत गुंतागुंतीचा भाग

माइट पाणी पीत नाही. तो हवेतील बाष्प शोषून घेतो. म्हणून त्याचे जगणे सापेक्ष आर्द्रतेवर, म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढे बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे यावर, अवलंबून असते. अर्लियन आणि सहकाऱ्यांच्या संशोधनानुसार आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर माइटची संख्या घटते आणि ७० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक आर्द्रतेत ती झपाट्याने वाढते. खिडक्या बंद करण्याचा परिणाम त्यामुळे बाहेर कोणती हवा आहे यावर ठरतो.

वर घेतलेल्या खोलीत आईवडील आणि एक मूल रात्री आठ तास झोपतात असे मानले, तर श्वास आणि घाम यांतून पाऊण लिटरच्या आसपास पाणी बाष्परूपाने खोलीत येते. वातानुकूलन नसेल आणि खिडक्या घट्ट बंद असतील तर त्यातील बराच अंश गादी, पडदे आणि भिंतींत मुरतो. कार्बन डायऑक्साइडही साचतो. फटींतून तासाला निम्म्या खोलीइतकीच हवा बदलत असेल तर पहाटेपर्यंत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत दोन हजारांच्या पुढे जाते, जेव्हा बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असते. हेपा फिल्टर बाष्प अडवत नाही आणि कार्बन डायऑक्साइडही नाही. धूळ बाहेर ठेवण्यासाठी केलेली व्यवस्था अशा घरात माइटचे पोषण करू शकते, ही टीका तत्त्वतः बरोबर आहे.

परंतु विरुद्ध बाजूही तितकीच खरी आहे. प्युरिफायर चालवून खिडक्या उघड्या ठेवल्या आणि तासाला दहा वेळा हवा बदलत असली, तर ताशी पाच वेळा गाळणारे यंत्र बाहेरच्या बारीक धुराचा जेमतेम एक तृतीयांश भाग काढू शकते. खिडक्या बंद करून तासाला अर्धी खोलीच हवा बदलू दिली तर दहातील नऊ भाग काढते. डिसेंबर-जानेवारीत मुंबईची हवा धुराने आणि बांधकामाच्या धुळीने जड असते, तेव्हा ही तफावत महत्त्वाची ठरते, आणि त्या दिवसांत बाहेरची हवा पावसाळ्याच्या मानाने कोरडी असल्यामुळे खिडक्या बंद ठेवण्याची किंमतही कमी पडते. जुलैत हिशेब उलटतो : पावसाने हवा बरीच धुतलेली असते, आर्द्रता ८० टक्क्यांपलीकडे असते, आणि खिडकी उघडूनही खोली कोरडी होत नाही. त्या काळात आर्द्रता खरोखर खाली आणणारे साधन म्हणजे वातानुकूलन यंत्र किंवा बाष्प काढणारे डीह्युमिडिफायर, आणि ते चालू असतानाच खिडकी बंद ठेवण्याला अर्थ उरतो. कोणता ऋतू चालू आहे हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा काही शे रुपयांचा आर्द्रतामापक पलंगाजवळ ठेवणे अधिक उपयोगी असते. पुण्या-नाशिकसारख्या, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कोरड्या राहणाऱ्या शहरांत हा पेच एवढा तीव्र नसतो.

वादाबाहेर राहिलेली गादी

या तिन्ही उपायांच्या चर्चेत सर्वांत मोठा साठा बाजूला पडतो. माइट आत-बाहेर जाऊ शकणार नाही आणि त्याच्या विष्ठेचे कणही बाहेर येणार नाहीत इतक्या घट्ट विणीची, दहा मायक्रॉनहून लहान छिद्रांची खोळ गादीला आणि उशीला पूर्ण बंद करून घालणे, आणि चादरी-अभ्रे आठवड्याला ५५ ते ६० अंश सेल्सियस पाण्यात धुणे, हे उपाय त्यासाठी आहेत. थंड पाण्यातील धुलाईने ॲलर्जेन बरेचसे निघून जाते, कारण ते पाण्यात विरघळते, पण माइट बहुतांशी जिवंत राहतात. कडक उन्हात गादी वाळवण्याच्या प्रथेलाही आधार आहे. १९९४ मध्ये टोव्ही आणि वुलकॉक यांनी सिडनीत थेट उन्हाने गालिच्यातील माइट मरतात हे दाखवले. मेलेल्या माइटचे ॲलर्जेन मात्र गादीत तसेच उरते, त्यामुळे उन्हानंतर गादी मुलापासून दूर, बाहेरच झोडपावी लागते, आणि जाड कापसाच्या गादीच्या आतपर्यंत ऊन किती पोहोचते हा प्रश्न राहतोच.

येथेही पुरावा एकमुखी नाही. २००३ मध्ये ब्रिटनमधील ११२२ प्रौढ दमेकऱ्यांवरील चाचणीत नुसत्या खोळींचा लाभ दिसला नाही. २००८ च्या कॉक्रेन आढाव्याने ५४ चाचण्या तपासून माइट-नियंत्रणाच्या उपायांची शिफारस करता येत नाही असा निष्कर्ष काढला. याउलट २०१७ मध्ये मँचेस्टरच्या संघाने माइटची ॲलर्जी असलेल्या २८४ मुलांवर चाचणी घेतली, तेव्हा खोळी वापरणाऱ्या मुलांपैकी २९ टक्क्यांना दम्याच्या झटक्यासाठी रुग्णालयात जावे लागले, तर साध्या खोळींच्या गटात हे प्रमाण ४१ टक्क्यांहून थोडे अधिक होते. तोंडावाटे स्टेरॉइड घेण्याची गरज मात्र दोन्ही गटांत लक्षणीय वेगळी नव्हती. प्रौढ आणि मुले यांतील फरक, चाचण्यांचा आकार आणि मोजलेले परिणाम वेगवेगळे असल्याने हे निष्कर्ष परस्परांना खोडून काढतात असे म्हणता येत नाही.

एकेका उपायाऐवजी उपायांच्या संचाचा विचार करणारा अभ्यास २००४ मध्ये अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत झाला. त्यात दमा असलेल्या ९३७ मुलांच्या घरी जाऊन प्रत्येकाच्या त्वचाचाचणीनुसार उपाय ठरवले गेले : खोळी, चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर, झुरळांचे नियंत्रण, आणि जेथे धूम्रपान, पाळीव प्राणी किंवा बुरशी होती तेथे झोपण्याच्या खोलीत हेपा प्युरिफायर. पहिल्या वर्षी उपाय मिळालेल्या मुलांना पंधरवड्याला सरासरी ३.४ दिवस लक्षणे होती, इतरांना ४.२ दिवस. फरक माफक आहे, पण तो दुसऱ्या वर्षीही टिकला. अमेरिकेच्या २०२० च्या दमा-मार्गदर्शिकेने याच दिशेने भूमिका घेतली : ॲलर्जी चाचणीने सिद्ध झालेली असेल तरच उपाय करावेत, आणि एकाच उपायावर विसंबू नये.

ही भूमिका स्वीकारली तर क्रम बदलतो. आधी त्वचाचाचणी किंवा रक्तातील विशिष्ट प्रतिद्रव्याची तपासणी. माइट निघाला तर खर्चाचा पहिला हिस्सा गादीकडे, दुसरा आर्द्रतेकडे, आणि धूर किंवा मांजर घरात असेल तर प्युरिफायरकडे. सात-आठ वर्षांच्या मुलाला पहाटे उठताच सलग शिंका येत असतील आणि दिवसभर शाळेत तो बरा राहत असेल, तर संशय अंथरुणावर जातो. संध्याकाळी देवघरात धूप पेटल्यावर खोकला सुरू होत असेल तर धुरावर. डॉक्टरांनी दिलेला नाकाचा फवारा किंवा इन्हेलर मात्र या प्रयोगांच्या भरवशावर थांबवता येत नाही.

अनिर्णीत मुद्दे

हेपा प्युरिफायर, ओली सफाई आणि बंद खिडक्या यांची एकाच अभ्यासात आमनेसामने तुलना करणारी, मुलांवरील मोठी चाचणी अद्याप पुढे आलेली नाही. आजची मते वेगवेगळ्या चाचण्यांतून जोडलेली आहेत. दुसरा मुद्दा माइटच्या जातींचा आहे. बहुतेक संशोधन युरोपीय आणि अमेरिकी माइटवर झाले, तर उष्ण आणि दमट प्रदेशांत ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस ही निराळी जातही आढळते. ॲलर्जेन किती घटवले म्हणजे लक्षणे घटतात, याची मर्यादाही वादात आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक ग्रॅम धुळीमागे दोन आणि दहा मायक्रोग्रॅम असे दोन उंबरठे सुचवले गेले होते, पण अनेक मुलांना त्याखालीही त्रास होतो.

तिसरा मुद्दा अधिक स्थानिक आहे, आणि आश्चर्य वाटावे इतका दुर्लक्षित. कण खाली बसण्याचा वर मांडलेला सारा हिशेब स्थिर हवेचा आहे. महाराष्ट्रातील मूल वर्षातील बहुतेक रात्री छताच्या पंख्याखाली झोपते. फिरता पंखा कण हवेत अधिक वेळ ठेवतो, म्हणजे प्युरिफायरला ते गाठण्याची थोडी अधिक संधी देतो आणि मुलाच्या श्वासात जाण्याचीही. शिवाय घाम वाळवून अंथरुण काहीसे कोरडे ठेवतो. या तिन्हींपैकी कोणता परिणाम वरचढ ठरतो, हे बंद खिडक्यांच्या, गालिच्यांच्या आणि पंखे नसलेल्या घरांत झालेल्या अभ्यासांवरून ठरवता येत नाही.